ब्लॉगसाठी कीवर्ड रिसर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कीवर्ड रिसर्च म्हणजे लोक गूगलवर काय शोधतात ते बघून ब्लॉगवर कुठले लेख हवेत ते ठरवणं. हे काम सोपवण्याआधी ब्लॉगमालक मला जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बोलणं हवेत राहू नये म्हणून सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: कुंडीतल्या झाडांवरचा, साठेक लेख असलेला एक ब्लॉग. हा ब्लॉग आणि त्याचे आकडे समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत. पद्धत मात्र मी रोज वापरते तीच आहे.

काम संपल्यावर माझ्या हातात नेमकं काय पडतं?

एक शीट. तिलाच मी आराखडा म्हणते. तिच्यात साधारण वीस ते पंचवीस ओळी असतात आणि प्रत्येक ओळ म्हणजे तुमच्या ब्लॉगवरचं एक पान. ते पान नवं लिहायचं आहे, जुनं दुरुस्त करायचं आहे की दोन जुनी पानं जोडून एक करायचं आहे, हे ओळीच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं. कुठलं आधी आणि का, हेही असतं. शब्दांची मूळ यादी दुसऱ्या टॅबमध्ये ठेवते, पण ती उघडायची गरज पडू नये अशी माझी इच्छा असते.

सुरुवातीच्या काळात मी चारशे ओळींची यादी पाठवत असे. प्रत्येक शब्दापुढे महिन्याचे शोध, स्पर्धेचा आकडा, सगळं व्यवस्थित भरलेलं. तीन महिन्यांनी एका ब्लॉगमालकीण बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "यादी चांगली आहे हो, पण सकाळी लिहायला बसले की कुठली ओळ उचलायची तेच कळत नाही." त्यांचा एकही लेख त्या यादीतून झाला नव्हता. निवड करणं हेच खरं काम होतं आणि ते मी त्यांच्यावर सोडून दिलं होतं. तेव्हापासून यादी पाठवणं बंद केलं.

यादी तर टूलमधून मलाही काढता येते. मग तुम्ही वेगळं काय करता?

शब्द काढायला अर्धा दिवस पुरतो. उरलेला सगळा वेळ दोन प्रश्नांवर जातो: हा शब्द टाइप करणाऱ्या माणसाला काय हवं आहे, आणि या पाच शब्दांसाठी एक लेख लागेल की तीन? टूल या दोन्हींची उत्तरं देतं खरं, पण ती शब्दांच्या सारखेपणावरून काढलेली असतात. निकालाचं पान उघडून बघितल्याशिवाय मी त्यांच्यावर भरवसा ठेवत नाही.

सर्च इंटेंट म्हणजे काय, आणि तो ओळखायचा कसा?

शोधामागचा हेतू. संगणकशास्त्रज्ञ अँड्रेई ब्रोडर यांनी २००२ साली शोधांची तीन गटांत विभागणी मांडली: माहितीसाठी केलेले, ठरावीक साइटवर पोहोचण्यासाठी केलेले आणि काही व्यवहार उरकण्यासाठी केलेले. ही विभागणी आजही शिकवली जाते. पण ब्लॉगचा आराखडा करताना ती अपुरी पडते, कारण ब्लॉगवाल्याच्या कामाचे बहुतेक शोध पहिल्याच गटात येतात. "माहिती हवी आहे" एवढं कळल्याने लेख कसा लिहायचा ते कळत नाही.

म्हणून मी शोध टाइप करून पहिले दहा निकाल एकेक करून उघडते. खासगी विंडोमध्ये आणि फोनवरही, कारण दोन्हीकडची मांडणी पुष्कळदा वेगळी असते. आधी बघते की वर आलेली पानं कुठल्या जातीची आहेत: लेख, विक्रीची पानं, व्हिडिओ, की चर्चेतली उत्तरं. मग त्यांचा आकार बघते: पायऱ्या आहेत, यादी आहे, तुलना आहे, की एका प्रश्नाचं थेट उत्तर. मग तारखा. सगळी पानं गेल्या काही महिन्यांतली असतील, तर या विषयात ताजेपणाला किंमत आहे आणि तो लेख तुम्हाला पुन्हापुन्हा हाताळावा लागेल. शेवटी पानावरचे खोके बघते: वरच छापलेलं थेट उत्तर, चित्रांची पट्टी, लोक आणखी काय विचारतात त्याची यादी.

उदाहरण घ्या. "मनी प्लांट" एवढंच शोधलं तर निकालांत विक्रीची पानं, चित्रं आणि झाडाची शास्त्रीय माहिती यांची सरमिसळ दिसते. शोधणाऱ्यांना वेगवेगळं हवं आहे आणि गूगल थोडं थोडं सगळ्यांना देतंय. या शब्दाचा आकडा मोठा असतो, म्हणून तो मोह पाडतो. लहान ब्लॉगसाठी मी तो आराखड्यात घेत नाही, कारण त्या पानावर एका लेखाला जेमतेम एखादी जागा असते आणि तीही मोठ्या, जुन्या साइटकडे असते. "मनी प्लांटची पाने पिवळी का पडतात" या शोधाची गोष्ट वेगळी. तिथे दहाच्या दहा पानं एकाच माणसासाठी लिहिलेली दिसतील: कुंडीसमोर उभा राहून काळजीत पडलेला माणूस. असा एकमुखी निकाल दिसला की लेख कसा हवा ते जवळजवळ ठरलेलंच असतं.

पाच सारखे शब्द आहेत. एकच लेख लिहू की पाच?

या प्रश्नावर आराखडा उभा राहतो किंवा कोसळतो, म्हणून इथे जरा थांबू. शब्द कितपत सारखे आहेत ते बघू नका. निकाल कितपत सारखे आहेत ते बघा. दोन शोधांचे पहिले दहा दहा निकाल शेजारी ठेवायचे आणि दोन्हीकडे तीच पानं किती आहेत ते मोजायचं. पाच किंवा जास्त समान असतील तर मी एकच लेख धरते. दोन किंवा कमी असतील तर वेगळे. तीन-चार असले की पानं वाचूनच ठरवावं लागतं. हे उंबरठे माझ्या सवयीचे आहेत. कोणी चार धरतं, कोणी सहा. मोजल्याशिवाय ठरवायचं नाही, एवढं मात्र पक्कं.

आपल्या ब्लॉगसाठी तीन शोध घेऊ. पहिला, "मनी प्लांटची पाने पिवळी का पडतात". दुसरा, "मनी प्लांट पिवळी पाने उपाय". तिसरा, "मनी प्लांटला किती पाणी घालावे". समजा पहिल्या-दुसऱ्यात सात पानं समान निघाली. यात नवल नाही. कारण विचारणाऱ्याला उपाय हवाच असतो आणि उपाय विचारणाऱ्याला आधी कारण कळावं लागतं. म्हणजे एक लेख.

पहिल्या-तिसऱ्यात मात्र एकच पान समान. इथे झाडांची माहिती असलेला माणूस हमखास चुकतो. पानं पिवळी पडण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण जास्त पाणी हेच आहे, मग दोन्ही एकाच लेखात का नको, असं त्याला वाटतं. विषयाच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण तिसरा शोध करणाऱ्याचं झाड धडधाकट आहे. त्याला मुळं कुजण्याबद्दल वाचायचं नाही, त्याला उन्हाळ्यात किती आणि थंडीत किती हे दोन मिनिटांत कळायला हवं. माणूस वेगळा, घडी वेगळी, म्हणून लेख वेगळा. दोन्ही लेखांनी एकमेकांना दुवा द्यायचा, कारण आज पाण्याचं विचारणारा उद्या पिवळं पान घेऊन येऊ शकतो.

सुरुवातीला तुम्हाला माझ्याकडून काय लागतं? पासवर्ड द्यावा लागेल का?

पासवर्ड कोणालाही देऊ नका, मलाही नको. सर्च कन्सोल म्हणजे तुमचा ब्लॉग कुठल्या शोधांवर दिसतो आणि किती क्लिक मिळतात ते दाखवणारी गूगलची सेवा. तिच्या सेटिंग्जमध्ये वापरकर्ते जोडण्याची सोय असते. तिथे मला मर्यादित परवानगी दिलीत की पुरे. मला बघता येतं, बदलता काही येत नाही आणि काम संपल्यावर तुम्ही मला काढून टाकू शकता.

सर्च कन्सोलमध्ये गेल्या १६ महिन्यांचे आकडे असतात आणि तुमच्या ब्लॉगपुरतं बोलायचं तर कुठल्याही विकतच्या टूलपेक्षा ते मोलाचे, कारण ते अंदाजाचे नसतात. त्यालाही मर्यादा आहेत. पडद्यावरच्या तक्त्यात १,००० ओळींच्या पुढे दिसत नाही, आणि फार थोड्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी लपवलेले असतात. म्हणून शोधांपुढच्या क्लिकची बेरीज आणि वरची एकूण संख्या जुळत नाही. त्यात बिघाड काही नसतो.

प्रश्नरूपी शोध वेगळे काढायला मी तिथल्या फिल्टरमध्ये रेजेक्स, म्हणजे कुठल्या नमुन्याचे शब्द हवेत ते सांगणारी ओळ, टाकते:

```
(^| )(का|किती|कधी|कसे|कसा|कशी)( |$)
```

शब्दाची हद्द दाखवायला इंग्रजीत `\b` वापरतात. सर्च कन्सोलमध्ये ते देवनागरी अक्षरांना ओळखत नाही, म्हणून आधी-नंतर मोकळी जागा किंवा ओळीची टोकं द्यावी लागतात. ती दिली नाहीत तर "का" शोधताना "काकडी"सुद्धा जाळ्यात येते.

याखेरीज मला तुमच्याशी तासभर बोलायचं असतं. तुम्ही कशाबद्दल स्वतः करून बघून लिहू शकता आणि कशाबद्दल चार ठिकाणी वाचून लिहाल, हे मला आधी कळायला हवं. दुसऱ्या प्रकारचे विषय मी आराखड्यात मागे ढकलते.

महिन्याला किती शोध होतात, तो आकडा कितपत खरा?

तुलनेपुरता. टूलमध्ये दिसतो तो बहुधा बारा महिन्यांच्या सरासरीचा अंदाज असतो. जो विषय वर्षात दोनच महिने पेटतो, त्याची सरासरी काढली की तो मरगळलेला दिसतो. म्हणून हंगामी वाटणारा प्रत्येक शब्द मी गूगल ट्रेंड्समध्ये टाकून बघते. तिथे शोधांची संख्या मिळत नाही, ० ते १०० अशा मापात चढउतार तेवढा दिसतो. पण लेख कधी तयार हवा हे ठरवायला तेवढं पुरतं. चढ सुरू होण्याच्या दोन-तीन महिने आधीची तारीख मी शीटमध्ये लिहिते.

गूगलचा कीवर्ड प्लॅनर ज्या खात्यावरून जाहिराती चालत नाहीत तिथे बहुधा नेमका आकडा देत नाही, शंभर ते हजार असा ढोबळ पट्टा देतो. शिवाय जवळचे शब्द एकत्र मोजतो. त्यामुळे दोन टूलमध्ये एकाच शब्दाचे आकडे दुपटीने वेगळे दिसले तर घाबरायचं कारण नाही. आकड्यावरून मी एवढंच ठरवते की या दोन विषयांत कुठला मोठा.

माझ्या मराठी शब्दांपुढे टूल शून्य दाखवतं. म्हणजे कोणी शोधतच नाही?

असं लगेच समजू नका. एकच गोष्ट लोक पाच तऱ्हांनी लिहितात: "पाने", "पानं", "पान पिवळे", रोमन लिपीत `money plant pane pivali`, आणि अर्धं इंग्रजी अर्धं मराठी. शोध असे विखुरले की एकेका रूपाचा आकडा टूलच्या नजरेखाली राहतो. मी सर्च बॉक्समध्ये शब्दाचा पहिला भाग टाइप करून खाली काय सुचवलं जातं ते बघते आणि तुमच्या सर्च कन्सोलमध्ये त्या विषयावर इम्प्रेशन्स आहेत का, म्हणजे तुमचं पान निकालांत कधी दिसलंय का, ते तपासते. दोन्हीकडे खूण सापडली तर शून्य दाखवणारा शब्दही आराखड्यात येतो. एकीकडेही सापडली नाही तर सोडून देते.

ही वेगवेगळी रूपं एकाच लेखात कोंबू नका. मुख्य रूप शीर्षकात, एखाद-दुसरं ओघात आलं तर येऊ द्यावं. सगळी रूपं पेरलेला परिच्छेद वाचणाऱ्याला लगेच खटकतो.

कीवर्ड डिफिकल्टी कमी असलेले शब्दच घ्यायचे ना?

त्या शब्दावर वर येणं किती अवघड आहे याचा हा आकडा प्रत्येक टूल आपापल्या सूत्राने काढतं. त्यात मोठा वाटा असतो वर आलेल्या पानांकडे बाहेरून किती साइट दुवे देतात याचा. ती पानं चांगली लिहिली आहेत का, हे त्यात येत नाही. म्हणून मी आकडा बघून पुढे जाते आणि पहिल्या दहांत कमकुवत जागा शोधते. तुमच्याएवढाच लहान ब्लॉग वर आलाय का? कोणी प्रश्नाला बगल दिली आहे का? झाडावरच्या दहापैकी किती लेखांत स्वतः काढलेला फोटो आहे? दहांत अशा दोन-तीन जागा दिसल्या तर आकडा चढा असूनही मी तो विषय घेते. एकही दिसली नाही तर आकडा कमी असूनही थांबते.

माझे साठ लेख आधीच आहेत. त्यांचं काय?

खरं तर सुरुवात तिथूनच होते आणि बऱ्याचदा पहिल्या दहा ओळींत नवा लेख एखादाच असतो. सर्च कन्सोलमध्ये सरासरी स्थान ८ ते २० मध्ये असलेले आणि इम्प्रेशन्स बऱ्यापैकी असलेले शोध मी आधी काढते. गूगल तुम्हाला दारापर्यंत आणतंय, पण आत घेत नाही, असे हे शोध.

मग एकेका शोधावर क्लिक करून "पेजेस" टॅब उघडते. तिथे एकाच शोधासाठी दोन पानं दिसली आणि महिन्यागणिक कधी हे तर कधी ते वर येत असलं, तर तुमचेच दोन लेख एकमेकांच्या पायात येत आहेत. आपल्या उदाहरणात समजा "घरातली कमी उजेडातली झाडे" आणि "अंधाऱ्या खोलीसाठी झाडे" असे दोन लेख तीन वर्षांच्या अंतराने लिहिले गेले. दोघांचं स्थान १५ ते २५ मध्ये हेलकावे खातंय. निकाल जुळवले तर आठ पानं समान. तेव्हा ज्याला जास्त क्लिक आणि बाहेरचे दुवे आहेत तो ठेवायचा, दुसऱ्यातला उपयोगी मजकूर त्यात आणायचा आणि दुसऱ्याच्या पत्त्यावर येणाऱ्याला कायमचं पहिल्याकडे वळवणारा ३०१ रीडायरेक्ट लावायचा. नुसतं डिलीट केलं तर त्याला मिळालेले दुवे वाया जातात.

दोन पानं दिसली म्हणजे भांडण आहेच असंही नाही. दोन्ही वरच्या जागांवर स्थिर असतील तर हात लावू नका.

शीटमधली एक ओळ प्रत्यक्षात कशी दिसते?

पिवळ्या पानांचीच ओळ बघू. ब्लॉगवर "मनी प्लांटविषयी सर्व काही" असा लांबलचक लेख आहे आणि तो या शोधासाठी सरासरी १४व्या जागी येतो, कारण त्यात पिवळ्या पानांवर दोन परिच्छेद आहेत. निकालांत मात्र एकाही साइटचा "सर्व काही" छापाचा लेख नाही, सगळे फक्त याच तक्रारीवरचे आहेत. म्हणून निर्णय: नवा लेख. जुन्या लेखात ते दोन परिच्छेद काढून दोन वाक्यं आणि नव्या लेखाचा दुवा.

वाचक आणि त्याची घडी: झाड बिघडलंय, नेमकं कारण ठाऊक नाही, घाईत आहे. लेखाची सुरुवात: मातीत बोट दोन-तीन सेंटिमीटर घालून ओल बघायला सांगा, कारण त्या एका तपासणीने पाणी जास्त की कमी हे बऱ्याच अंशी कळतं. पुढे लक्षणावरून कारणाकडे: फक्त खालची जुनी पानं, सगळं झाड, की कडा तपकिरी. खालचं एखादं जुनं पान पिवळं पडणं नैसर्गिक आहे, हे लवकर सांगा. फोटो: तिन्ही लक्षणांचे, तुमच्याच कुंड्यांचे. लेखात नको: पाण्याचं पूर्ण वेळापत्रक, त्यासाठी वेगळी ओळ आहे. दुवे: पाण्याचा लेख, कुंडी बदलण्याचा लेख. प्राधान्य: पहिलं, कारण आत्ताच १४व्या जागी आहोत आणि वरच्या दहांपैकी सातांत उसने फोटो आहेत.

शब्दसंख्या मी लिहीत नाही. ती लिहिली की लेखक ती गाठायला पाणी घालतो.

उत्तर निकालपानावरच छापून येत असेल तर लेख लिहून उपयोग काय?

उत्तर एका वाक्यात संपत असेल तर फारसा नाही, आणि असे शोध मी स्वतंत्र ओळ म्हणून घेत नाही, मोठ्या लेखात एक उपशीर्षक म्हणून देते. निदान, तुलना, स्वतः करून बघितलेला अनुभव यांचं उत्तर एका खोक्यात मावत नाही. तिथे लोक क्लिक करतात.

पहिल्या क्रमांकाची हमी देता का?

नाही. क्रमांक गूगल ठरवतं आणि हमी देणाऱ्याच्या हातातही ते नसतं.

मग आराखडा चालतोय हे कळायचं कसं, आणि कधी?

लेख टाकल्यावर काही आठवड्यांत त्याच्या पानाचे इम्प्रेशन्स बघा. कुठल्या शोधांवर दिसतोय ती यादी उघडा. ठरवलेलेच शोध दिसत असतील तर हेतू बरोबर पकडला गेलाय, स्थान २५ असलं तरी. भलतेच शोध दिसत असतील, म्हणजे पिवळ्या पानांचा लेख "मनी प्लांट फोटो"वर दिसतोय, तर शीर्षक आणि पहिला परिच्छेद आधी तपासा. क्लिकचा निवाडा तीन ते सहा महिन्यांआधी करू नका, नव्या ब्लॉगला याहूनही जास्त वेळ लागतो.

सरासरी स्थान बघताना एक काळजी घ्या. लेख नव्या नव्या शोधांवर दूरच्या जागी दिसू लागला की पानाची सरासरी खाली जाते, आणि लेख घसरला असं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा पसारा वाढत असतो. म्हणून स्थान नेहमी एकेका शोधापुरतं बघावं.

आराखडा किती काळ टिकतो?

न बदलणाऱ्या विषयांत वर्षभर सहज. तरी कुठलीही ओळ लिहायला घेण्याआधी तो शोध पुन्हा एकदा टाइप करून पहिले दहा निकाल नजरेखालून घाला. मी बघितले तेव्हा लेख होते आणि आता तिथे व्हिडिओ किंवा विक्रीची पानं आली असतील, तर ती ओळ बाजूला ठेवा आणि मला कळवा. काम दिल्यापासून सहा महिन्यांत अशी बदललेली ओळ मी पुन्हा तपासून देते.